रिकाम्या खुर्चीचं भाडं कोण भरतं?

पुण्यात बाणेरला किंवा विमाननगरला एखाद्या को-वर्किंगमध्ये चौकशीला गेलात, की रिसेप्शनवरून एक दरपत्रक हातात येतं. डे पास अमुक रुपये, हॉट डेस्क महिन्याला तमुक, डेडिकेटेड डेस्क त्याहून जास्त, आणि खाली बारीक अक्षरात मीटिंग रूमचा तासाचा दर. प्रत्येक प्लॅनसमोर ‘इतकी क्रेडिट्स मोफत’ असंही लिहिलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, स्वस्त, मध्यम आणि महाग असे हे तीन दर्जे असावेत. पण आत फिरून बघा. खुर्च्या सारख्याच आहेत, वायफाय एकच आहे, कॉफीचं मशीनही सगळ्यांना तेच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

ज्या दिवशी तुम्ही येत नाही, त्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी राहते. तिचं भाडं कुणीतरी भरावंच लागतं. ते कोण भरणार, एवढाच या प्लॅनमधला खरा फरक आहे. डे पासात ते जागेचा मालक भरतो, डेडिकेटेड डेस्कमध्ये तुम्ही भरता आणि हॉट डेस्कमध्ये दोघं मिळून भरता.

खाणावळीत महिन्याचं जेवण लावणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा आहे. गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरला जातो आणि पुढच्या बिलातून पैसे वजा होतात. को-वर्किंगच्या मासिक प्लॅनमध्ये खाडा नसतो. गणपतीला दहा दिवस गावी जा नाहीतर तापाने आठवडाभर अंथरुणात पडा, महिन्याचे पैसे पूर्ण द्यायचे. म्हणून प्लॅन निवडताना आपण किती दिवस येणार याच्या जोडीला किती दिवस येणार नाही, हेही मांडून बघावं लागतं.

मालकाच्या बाजूनेही हाच प्रश्न असतो, आणि तो या धंद्याच्या जन्मापासूनचा आहे. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातले दोन दिवस एक जागा भाड्याने घेऊन तिथे एकत्र काम करायचं आवतण दिलं. आजच्या अर्थाने को-वर्किंगची ती सुरुवात मानली जाते, आणि सुरुवातीला त्याच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. त्याआधी, १९८९ मध्ये ब्रसेल्सला सुरू झालेल्या रीजस या कंपनीने सजवलेली ऑफिसं थोड्या मुदतीसाठी भाड्याने द्यायचा धंदा उभा केला होता. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर भाडेकरू निघून गेले आणि २००३ मध्ये रीजसच्या अमेरिकी शाखेला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या वीवर्कनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये तोच रस्ता धरला. दोन्हीकडे दुखणं एकच होतं. कंपनीने इमारतींचे करार लांब मुदतीचे केलेले, आणि खुर्चीवर बसणारा मात्र महिन्याच्या नोटिशीवर उठून जाऊ शकणारा. दरपत्रकातल्या लॉक-इन, डिपॉझिट आणि संपून जाणारी क्रेडिट्स या अटी अशा अनुभवातून आल्या आहेत. आपल्याला त्या जाचक वाटतात, पण मालक त्यांतून रिकाम्या खुर्चीचा थोडा बोजा आपल्याकडे सरकवत असतो.

हॉट डेस्क: पैसे महिन्याचे, जागा त्या दिवसापुरती

हॉट डेस्क घेतल्यावर महिनाभर यायची मुभा मिळते, पण ठरलेली जागा मिळत नाही. सकाळी येऊन रिकामी दिसेल तिथे बसायचं आणि संध्याकाळी लॅपटॉप, वही, बाटली सगळं उचलून न्यायचं. दर कमी ठेवता येतो, कारण मालक खुर्च्यांपेक्षा जास्त सभासद घेतो. समजा, हॉलमध्ये चाळीस खुर्च्या आहेत आणि साठ जणांनी हॉट डेस्क घेतलाय. कुणी आठवड्यातले तीन दिवस येतो, कुणी दोन, कुणी नुसताच दुपारी. सरासरीने बघितलं तर चाळीस खुर्च्या पुरतात. यात लबाडी नाही. साठ जण चाळीस खुर्च्यांचं भाडं वाटून घेत असल्यामुळेच प्रत्येकाला ती स्वस्त पडते.

अडचण होते ती सरासरी कोलमडणाऱ्या दिवशी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गर्दी सहसा जास्त असते, सोमवार-शुक्रवार त्या मानाने सैल. म्हणून जागा बघायला शनिवारी सकाळी जाऊ नये. मंगळवार ते गुरुवारच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी साडेअकराला जावं, आणि खुर्च्यांबरोबर प्लगही मोजावेत. पुष्कळदा रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्या प्लगपासून लांब असतात, नाहीतर उंच स्टूल असतात, नाहीतर थेट एसीच्या झोताखाली. तिथे सात तास बसवत नाही. ‘सगळ्या जागा भरल्या तर काय?’ हा प्रश्न रिसेप्शनवर सरळ विचारावा. बरी जागा असेल तर दुसऱ्या शाखेत सोय किंवा त्या दिवसाची भरपाई असं काहीतरी ठरलेलं उत्तर मिळतं. ‘असं कधी होतच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथल्याच एखाद्या जुन्या सभासदाला गाठावं.

डेडिकेटेड डेस्क: खुर्ची तुमची, खाडाही तुमचा

इथे टेबल ठरलेलं असतं. मॉनिटर, कीबोर्ड, कागदपत्रं तिथेच ठेवून जाता येतं आणि बहुतेक ठिकाणी कुलपाचा ड्रॉवर किंवा लॉकर मिळतो. तुम्ही नसाल तेव्हा ही खुर्ची दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून तिचं पूर्ण भाडं तुमच्याकडूनच वसूल होतं. अनेक ठिकाणी डेडिकेटेड सभासदाला चोवीस तास प्रवेश असतो, तर हॉट डेस्कवाल्याला संध्याकाळी ठरलेल्या वेळी उठावं लागतं. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्याच्या दृष्टीने मॉनिटरपेक्षा हीच सोय मोठी आहे. मात्र रात्री एसी चालू असतो का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे विचारून घ्यावं. दार चोवीस तास उघडं आणि एसी आठ वाजता बंद, अशा जागा असतात. मेच्या महिन्यात हा फरक फार जाणवतो.

डे पास आणि क्रेडिट्स

डे पास म्हणजे आलात त्या दिवसाचे पैसे. एकेक घेतला तर महाग पडतो, म्हणून दहा-वीस दिवसांची क्रेडिट्स एकदम घेतली की सवलत मिळते. वरवर पाहता हा सगळ्यांत निर्धोक प्लॅन, कारण आलो नाही तर पैसे जात नाहीत. पण या क्रेडिट्सना मुदत असते. तीस, साठ किंवा नव्वद दिवसांनी उरलेली क्रेडिट्स संपतात आणि त्या दिवसांचं भाडं गुपचूप तुमच्या अंगावर येतं. दुपारी तीनला आलात तरी बहुधा अख्खं क्रेडिट कापलं जातं. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या शाखांचे भावही वेगळे असू शकतात. साध्या इमारतीत दिवसाला एक क्रेडिट, तर चकचकीत टॉवरमध्ये दोन. ‘दहा क्रेडिट्स’ म्हणजे दहा दिवस हे गृहीत धरू नये.

मीटिंग रूमची क्रेडिट्स हा वेगळा हिशेब आहे. बऱ्याच ठिकाणी एक क्रेडिट म्हणजे लहान खोलीचा अर्धा तास असतो आणि मोठ्या खोलीला दुप्पट क्रेडिट्स लागतात. ती महिन्याच्या शेवटी संपतात, पुढच्या महिन्यात जात नाहीत. डे पासवाल्याला ती सहसा मिळतच नाहीत, त्याला खोलीचा रोख दर पडतो.

एक हिशेब मांडून बघू

समजा, कोथरूडला राहणारी एक ग्राफिक डिझायनर आहे. ती स्वतंत्र काम करते आणि घरात लहान मूल असल्यामुळे महिन्यातले साधारण बारा दिवस बाहेर बसते. महिन्याला तीनदा ग्राहकांना प्रत्यक्ष भेटावं लागतं, दर वेळी दोन तास, माणसं तीन-चार. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक नमुन्याचं दरपत्रक धरू. सुटा डे पास ५०० रुपये, दहा क्रेडिट्सचा संच ४,००० रुपये. हॉट डेस्क महिन्याला ६,५०० रुपये आणि सोबत खोलीची सहा क्रेडिट्स, म्हणजे लहान खोलीचे तीन तास. डेडिकेटेड डेस्क १०,००० रुपये आणि बारा क्रेडिट्स, म्हणजे सहा तास. लहान खोलीचा रोख दर तासाला ५०० रुपये. प्रत्यक्ष भाव भागाप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

नुसत्या बसण्याचा विचार केला, तर क्रेडिटने तिला दिवस ४०० रुपयांना पडतो. ६,५०० ला ४०० ने भागलं की सव्वासोळा येतात. म्हणजे महिन्याला सतरा दिवस येणाऱ्यालाच हॉट डेस्क परवडतो, बारा दिवसवालीला नाही. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात.

पण तिला खोलीही लागते, महिन्याला सहा तास. क्रेडिट-संचाच्या वाटेने बारा दिवसांचे ४,८०० आणि खोलीचे ३,००० मिळून ७,८०० रुपये होतात. हॉट डेस्क घेतला तर ६,५०० मध्ये तीन तास आलेच, उरलेल्या तीन तासांचे १,५०० धरून एकूण ८,०००. डेडिकेटेडमध्ये सहाही तास येतात, म्हणून सरळ १०,०००. पहिल्या दोन वाटांमधलं अंतर फक्त दोनशे रुपयांवर आलं. ती बाराऐवजी तेरा दिवस आली तर क्रेडिटचा खर्च ८,२०० होतो आणि हॉट डेस्क स्वस्त ठरतो. खोली लागत नसताना सतरा दिवसांवर असलेली सीमा खोली लागताच तेरा दिवसांवर आली. मोफत क्रेडिट्स खरंच वापरणार असाल, तर ती प्लॅनच्या किमतीतून वजा करूनच तुलना करायची. वापरणार नसाल तर त्यांची किंमत शून्य धरायची.

डेडिकेटेड डेस्कचंही असंच बघता येतं. तो हॉट डेस्कपेक्षा ३,५०० रुपयांनी महाग आहे, पण त्यात सहा जास्तीची क्रेडिट्स आहेत, त्यांचे १,५०० वजा केले की ठरलेल्या खुर्चीचे २,००० रुपये उरतात. वीस दिवस येणाऱ्याला ते दिवसाला शंभर पडतात. रोज मॉनिटर वाहून नेण्यापेक्षा आणि जागा शोधण्यापेक्षा शंभर रुपये बरे, असं वीस दिवसवाला म्हणेल. बारा दिवस येणारीला तेच दिवसाला १६७ रुपये पडतात, आणि लॅपटॉपवर काम भागत असेल तर त्यांचं प्रयोजन नाही.

आता एक महिना सोडून तीन महिने बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा, ती पहिल्या महिन्यात चौदा दिवस आली, दुसऱ्यात दिवाळीमुळे सातच, तिसऱ्यात पंधरा. एकूण छत्तीस दिवस. क्रेडिटने त्यांचे १४,४०० रुपये होतात. हॉट डेस्कचे तीन महिन्यांचे १९,५०० होतात. भर महिन्यांत सगळी खोली-क्रेडिट्स वापरली, दिवाळीच्या महिन्यात एकच बैठक झाल्याने सहापैकी चारच, असं धरलं तर वापरलेल्या क्रेडिट्सची किंमत ४,००० होते. ती वजा जाता हॉट डेस्क १५,५०० ला पडला. क्रेडिट-संच अकराशे रुपयांनी जिंकला.

हे खरं ठरतं ते क्रेडिट्सची मुदत साठ दिवसांची असेल तरच. मुदत तीस दिवसांची असेल, तर पहिल्या महिन्याच्या विशीनंतर घेतलेल्या दुसऱ्या संचातली चार वापरली गेली आणि उरलेली सहा दिवाळीतच बाद झाली, असं सहज होऊ शकतं. त्यांचे २,४०० रुपये गेले. खर्च १६,८०० झाला आणि आता हॉट डेस्क तेराशेने स्वस्त. दर तेच, दिवस तेच, नुसत्या मुदतीच्या एका ओळीने निकाल फिरला. खाडा इथेही तिच्याच अंगावर आला, फक्त उशिरा कळला.

या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि दरपत्रकावरचे आकडे बहुधा त्याच्याआधीचे असतात. हॉट डेस्कचे ६,५०० प्रत्यक्षात ७,६७० होतात. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना बिलावर आपला क्रमांक घालून तो कर पुढे वळता करून घेता येतो. नोंदणी नसलेल्यांना तो खिशातूनच जातो. दोन जण एकाच टेबलावर बसले तरी खर्च वेगळा पडतो तो असा.

खोली मिळते कधी?

मीटिंग रूमबाबत तक्रारी पैशांपेक्षा वेळेच्या जास्त असतात. सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते पाच या वेळा सगळ्यांनाच हव्या असतात. आठ खुर्च्यांची एकच खोली असलेल्या ठिकाणी तुमच्याकडे कितीही क्रेडिट्स असली, तरी सकाळी साडेनऊची नाहीतर संध्याकाळी सहाची वेळ मिळते. क्रेडिट हा हक्क आहे, खोलीची हमी नाही. म्हणून प्लॅन घेण्यापूर्वी बुकिंगचं ॲप उघडून दाखवायला सांगावं आणि येत्या बुधवारी, गुरुवारी अकरा वाजता काय रिकामं आहे ते स्वतः बघावं.

तिथेच आणखी काही गोष्टी विचाराव्यात. कमीत कमी किती वेळाची खोली घ्यावी लागते, अर्ध्या तासाची की एका तासाची? बैठक दहा मिनिटं लांबली तर पुढच्या अर्ध्या तासाचं क्रेडिट जातं का? किती वेळ आधी रद्द केली तर क्रेडिट परत येतं? ग्राहकाने ऐनवेळी टांग मारली, तर अनेक ठिकाणी क्रेडिटही जातं. बाहेरून आलेल्या माणसांपैकी किती जण खोलीत फुकट बसू शकतात, हेही लागतं, कारण काही जागा खोलीबाहेर बसणाऱ्या पाहुण्याचा डे पास लावतात. आणि डिझायनरच्या बैठकीला सहा माणसं आली, तर मोठी खोली घ्यावी लागून दोन तासांना चारऐवजी आठ क्रेडिट्स लागतील. सहा क्रेडिट्स असलेल्या हॉट डेस्कवालीचा महिन्याचा साठा एका दुपारीच संपेल.

नुसत्या फोनसाठी मात्र खोली घ्यायची गरज नसते. त्यासाठी एका माणसापुरतं फोन बूथ असतं, बहुधा फुकट. मोकळ्या हॉलमध्ये मोठ्याने बोलणं कुणालाच आवडत नाही. दिवसातले तीन-चार तास व्हिडिओ कॉलवर जाणाऱ्याने हॉट डेस्क घेण्याआधी बूथ किती आहेत ते मोजावं. पन्नास माणसांत दोनच बूथ असतील, तर स्वस्त खुर्ची घेऊन जिन्यात उभं राहून बोलायची वेळ येते.

सही करण्यापूर्वी

मासिक प्लॅनला साधारण एक ते तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि तीस दिवसांची नोटीस असते. नोटिशीचे तीस दिवस कसे मोजतात ते करारात बघावं. काही करारांत नोटीस कॅलेंडर महिन्याची असते. दोन तारखेला कळवलं तरी तो महिना तर जातोच, आणि पुढचा पूर्ण महिनाही भरावा लागतो. लॉक-इन असेल तर मध्येच निघाल्यावर उरलेल्या महिन्यांचे पैसे डिपॉझिटमधून वळते होतात. वर्षाचे पैसे एकदम भरले तर चांगली सवलत मिळते, पण जागा बंद पडली किंवा मालक बदलला तर ते पैसे परत मिळवणं अवघड असतं. इमारत को-वर्किंग कंपनीच्या मालकीची नसून तिने भाड्याने घेतलेली असते, हे विसरू नये.

पत्त्याचाही गैरसमज होतो. डेस्क घेतला म्हणजे तिथला पत्ता जीएसटी नोंदणीसाठी वापरता येईलच असं नाही. त्याला करार, जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिलासारखा पुरावा लागतो, आणि ते बहुतेक ठिकाणी वेगळ्या प्लॅनमध्ये, वेगळ्या पैशांनी मिळतं.

ज्याला आपला वापर नीट माहीत नाही, त्याने पहिले दोन-तीन महिने मुदत लांब असलेली डे पास क्रेडिट्स घ्यावीत आणि आलेले दिवस, खोलीचे तास आणि त्या वेळची माणसं टिपून ठेवावीत. जादा पैसे गेले तर ते या माहितीची किंमत समजावी. पुढे सगळ्यांत मंदीच्या महिन्यातही दिवस सीमेच्या वर राहिले, तर मासिक प्लॅन निर्धास्त घ्यावा. एखाद-दुसराच महिना वर जात असेल, तर क्रेडिट्सवरच राहावं. ही टिपणं हातात असली की बोलणीही करता येतात. ‘मला खुर्ची बारा दिवस लागते, पण खोली सहा तास, तर हॉट डेस्कवर बारा क्रेडिट्स देता का?’ असं विचारलं, तर नुसतं ‘काही कमी होईल का?’ विचारण्यापेक्षा होकार मिळायची शक्यता जास्त. रिकामी खोली देण्यात मालकाचं फारसं जात नाही, आणि तुमचे मात्र महिन्याला दीड हजार वाचतात.